दुसरा शनिवार आणि विषयाचा रकाना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कमिटीची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. त्या दिवशी बँका बंद, त्यामुळे बँकेत नोकरीला असलेल्या खजिनदारांना ‘ब्रँचमध्ये अडकलोय’ म्हणता येत नाही. यंदा अध्यक्षबाईंनी २०२६चा अख्खा तक्ता मागितला, शेजारी विषयाच्या रकान्यासकट.

सेक्रेटरीकाकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारखा स्वतः टाईप केल्या आणि फाईल माझ्याकडे पाठवली, ‘जरा सुंदर कर’ म्हणून. बघतो तर काही तारखा चौकटीत डावीकडे टेकलेल्या, बाकीच्या उजवीकडे. शीटची सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. काकांचा 9/5/2026 तिने ५ सप्टेंबर धरला. आणि दुर्दैव बघा, ५ सप्टेंबरही शनिवारच! शंका यायला जागाच नाही. 13/6/2026 मात्र तिच्या गळी उतरेना, कारण तेरावा महिना तिच्याकडेही नाही. म्हणून ती तारीख नुसता मजकूर बनून डावीकडे रुसून बसली. थोडक्यात, रुसलेल्या तारखा बरोबर होत्या आणि गुमान बसलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त चुकलेल्या.

“काका, हाताने नको. दुसरा शनिवार आठ ते चौदा तारखेच्या आतच पडतो. पंधरा तारखेवरून मागे जायचं.”

“पंधराला तर मेंटेनन्सची शेवटची तारीख असते,” काका म्हणाले.

मी हे टाकून बारा ओळी खाली ओढलं:

```
=DATE(2026,ROW(A1),15)-WEEKDAY(DATE(2026,ROW(A1),15))
```

WEEKDAY रविवारला १ आणि शनिवारला ७ म्हणतो. पंधरा तारीख रविवारी आली तर एक वजा होऊन १४ उरते, शनिवारी आली तर सात जाऊन ८. पहिल्यांदा सेलमध्ये 46032 असला आकडा उमटला, तेव्हा खजिनदार दचकून “हे कुणाचं बिल?” म्हणाले. फॉरमॅट ‘तारीख’ केल्यावर त्याचा १० जानेवारी झाला आणि त्यांचा श्वास खाली बसला.

तारखा मिनिटात झाल्या, पण विषयाच्या रकान्याने आठवडा खाल्ला. मेमध्ये गटारसफाई आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, हे पावसाच्या आधी हवं म्हणून सगळ्यांना मान्य. उरलेल्या प्रत्येक महिन्यात प्रत्येकाने ‘पार्किंग’ लिहिलं.

खरी गोची सप्टेंबरची. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. काकांनी ती १२ला टाकली. १४ला गणेश चतुर्थी! बाराला अर्धी सोसायटी कोकणाच्या वाटेवर, उरलेली मखराला टाचण्या लावतेय. गणपूर्ती वॉचमनला धरूनही होणार नाही. २५ला अनंत चतुर्दशी, म्हणून सभा २६ला, चौथ्या शनिवारी, नेली. बँका तेव्हाही बंद. चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, म्हणजे ती ११ तारखेपर्यंत लागायला हवी.

मी १२ सप्टेंबरची ओळ काढायला निघालो. काकांनी माऊस धरला. “बारा महिने, बारा ओळी. ऑडिटर विचारेल.”

आता तिथे लिहिलंय: ‘१२ सप्टेंबर. विषय: आजची सभा न घेण्यास मंजुरी देणे.’