थांब्यांची मिनिटं दहा की बारा?

'बस तासाला किती मिनिटं थांबते' या गणितात दोन वेगांतला फरक मोठ्या वेगाने भागा, असं मी आधी सांगितलं होतं. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया आणि माझं उत्तर.

प्रतिक्रिया: "बस न थांबता ताशी ५४ किमी जाते आणि थांबे धरून ताशी ४५. फरक ९ किमीचा. तो ५४ ने भागून तुम्ही तासाला १० मिनिटं काढलीत. पण बस प्रत्यक्षात ४५ नेच पुढे जातेय, मग भागायचं ४५ ने आणि उत्तर १२ मिनिटं. 'मोठ्या वेगाने भागा' हे नुसतं पाठांतर झालं, कारण कुठेच नाही."

उत्तर: कारण चाकांत सापडतं. या गणितात बस एक तर ५४ च्या वेगाने धावते, नाही तर उभी असते. ४५ चा वेग रस्त्यावर कुठल्याच क्षणी नसतो. एकूण अंतराला एकूण वेळेने भागून आलेली ती सरासरी आहे. तासाभरात बस ४५ किमी पुढे गेली आणि ते सगळं अंतर तिने ५४ च्या वेगाने कापलं. म्हणजे धावण्यात ४५ भागिले ५४ तास, अर्थात ५० मिनिटं गेली. उरलेली १० थांब्यांची. सूत्र नको असेल तर अशी वजाबाकीच करा. मला स्वतःला तीच जास्त आवडते.

आता तुमची १२ मिनिटं. तीही खरी आहेत, फक्त तास वेगळा आहे. १८० किमीचा प्रवास घ्या. थांबे धरून ४ तास लागतात, न थांबता ३ तास २० मिनिटं. म्हणजे थांब्यांत एकूण ४० मिनिटं गेली. ही ४० मिनिटं प्रवासाच्या ४ तासांवर वाटली तर तासाला १० येतात. धावण्याच्या ३ तास २० मिनिटांवर वाटली तर दर धावत्या तासामागे १२. ४५ ने भागल्यावर हाच दुसरा आकडा मिळतो. 'बस तासाला किती मिनिटं थांबते' असं विचारतात तेव्हा तास घड्याळाचा असतो, थांबे पोटात घेणारा. म्हणून १०. परीक्षेत पर्यायांमध्ये १२ दिसला तर हीच गल्लत गृहीत धरून तो ठेवलेला असू शकतो.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. हे गणित बस क्षणात थांबते आणि क्षणात ५४ चा वेग घेते असं मानतं. खऱ्या बसला ब्रेक लावायला समजा १५ सेकंद लागतात आणि पुन्हा वेग घ्यायला १५. वेग एकसारखा उतरत-चढत असेल तर या ३० सेकंदांत ती पूर्ण वेगाच्या निम्मंच अंतर कापते, म्हणजे दर थांब्याला १५ सेकंद वाया जातात. तासात ८ थांबे असतील तर अशी २ मिनिटं होतात. तेव्हा आपल्या १० मिनिटांपैकी बस प्रत्यक्ष उभी असते ८ मिनिटंच. आणि ही दहा मिनिटंही सरासरीच आहेत. एखाद्या तासात बस एकदाही थांबणार नाही आणि पुढच्या तासात वीस मिनिटं उभी राहील.