कान, उजेड आणि वाकलेली चौकट: पाठाच्या आराखड्यावरील आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "बनावट चेहऱ्यांचे फोटो ओळखायला शिकवणाऱ्या पाठाचा आपला आराखडा वाचला. आता जे बनावट चेहरे तयार होतात त्यांत कान, उजेड, पार्श्वभूमी सगळे व्यवस्थित असते. कालबाह्य खुणा शिकवून आपण मुलांना खोटा आत्मविश्वास देत आहात. उद्या हीच मुले एखाद्या खऱ्या माणसाचा फोटो पाहून 'दोन कान वेगळे दिसतात, म्हणजे फोटो बनावट' असे जाहीर करतील. त्यापेक्षा फोटो कोणी टाकला, एवढेच तपासायला शिकवावे."

आपल्या आक्षेपातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो आणि पाठाची बरीचशी रचना त्याच भीतीपोटी केलेली आहे. तरी खुणा कालबाह्य झाल्या का, हे आधी पाहू, कारण तिन्ही खुणांचे उत्तर एकसारखे नाही.

कानांची आणि पार्श्वभूमीची खूण ज्या यंत्रणेमुळे प्रसिद्ध झाली ती 2018 च्या अखेरीस आलेली, चेहरे घडवणारी स्टाइलगॅन. ती सुमारे 70,000 चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर शिकली होती आणि ही सगळी छायाचित्रे आधीच अशी कापून घेतली होती की डोळे, नाक आणि तोंड जवळजवळ ठरावीक जागीच यावेत. त्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग यंत्राने उत्तम आत्मसात केला. कान मात्र कुठे केसांखाली गेलेले, कुठे एकच दिसणारा, कुठे टोपीआड अशा नाना तऱ्हांनी त्याच्यासमोर आले. डाव्या कानातले आणि उजव्या कानातले बहुधा जोडीचे असते, हा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता आणि चित्रात एकमेकांपासून दूर असलेल्या दोन जागांचे नाते त्याला जुळवता येत नव्हते. पार्श्वभूमीला तर काही ठरावीक रूपच नव्हते. म्हणून भिंत, झाड आणि शेजारी उभ्या माणसाचा खांदा यांचा एकमेकांत वितळलेला काला तिथे दिसायचा. नव्या यंत्रणांनी यातले बरेच सुधारले आहे. कानाची खूण दिवसेंदिवस निकामी होत चालली आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

उजेडाची गोष्ट वेगळी आहे, कारण ती खूण एखाद्या यंत्राच्या खोडीवर नव्हे तर प्रकाशाच्या सरळ रेषेत जाण्यावर उभी आहे. शिवाय मुलांच्या हाती पडणारे सगळेच बनावट चेहरे यंत्राने शून्यातून घडवलेले नसतात. एका फोटोतला चेहरा कापून दुसऱ्या फोटोतल्या धडावर बसवण्याचे काम आजही सर्रास होते आणि तिथे दोन जागांचे दोन उजेड एकाच चौकटीत येतात. म्हणून माझ्या आराखड्यात सर्वाधिक वेळ उजेडाला दिलेला आहे. आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख ओझरताच आहे, म्हणून पाठातले एक उदाहरण इथे सविस्तर मांडतो.

फोटो असा आहे: उघड्या मैदानात, कडक उन्हात तीन माणसे एका बाकावर बसलेली आहेत आणि मधल्याचा चेहरा दुसरीकडून आणून बसवलेला आहे. पहिल्या नजरेला कोणालाच काही खटकत नाही, कारण चेहरा ओळखण्यात आपली नजर जितकी तरबेज आहे तितकीच ती उजेडातल्या विसंगतीकडे काणाडोळा करते. म्हणून मुलांना नजरेवर विसंबू न देता पट्टी आणि पेन्सिल दिली जाते. कडेच्या दोघांच्या शर्टांवरील बटणे, बाकाचा कोपरा, बोटांची टोके अशा ठिकाणी, जिथे वस्तूचा नेमका बिंदू आणि त्याच्या सावलीचा नेमका बिंदू दोन्ही सापडतात तिथे, सावलीच्या बिंदूपासून वस्तूच्या बिंदूकडे रेघ ओढून ती पुढे वाढवायची. उजेडाचा स्रोत एकच असेल तर या सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मिळतात, मग ते ठिकाण फोटोच्या चौकटीबाहेर, कागदाच्या पलीकडे का असेना. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे असेल तर त्या उलट बाजूला, सावल्यांच्या पलीकडे मिळतात. आणि सूर्य अगदी बाजूला असेल तर जवळजवळ समांतर धावतात. या फोटोत कडेच्या दोघांच्या रेघा सूर्य वर डावीकडे असल्याचे सांगतात. मधल्या माणसाच्या नाकाची सावली मात्र ओठांच्या उजवीकडे न पडता सरळ खाली, आणि तीही पुसट कडांची पडलेली आहे. कडक उन्हात शेजारच्या दोघांच्या सावल्यांना धार आहे आणि याच्याच सावलीला नाही.

यानंतर डोळे. बुबुळावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे उजेडाच्या स्रोताचे प्रतिबिंब असते. उघड्या मैदानात सूर्याचा ठिपका बारीक आणि गोल दिसतो. मधल्या माणसाच्या दोन्ही बुबुळांत मात्र एक उंच चौकोन आहे आणि त्याच्या मधोमध गजासारखी काळी रेघ आहे. ती खिडकी आहे. मैदानातल्या बाकासमोर खिडकी नसते.

इथे पाठ संपत नाही आणि आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इथूनच सुरू होते. मुलांच्या कागदावर तीन रकाने असतात: काय दिसले, साध्या खऱ्या फोटोत हे कशामुळे होऊ शकते, आणि निर्णय. मधला रकाना भरल्याशिवाय तिसऱ्यात काहीही लिहिता येत नाही. बाकावरच्या फोटोत तो रकाना भरायचा म्हणजे असे विचारायचे: त्याच्यावर झाडाची किंवा टोपीची सावली असू शकते का? समोर काचेची इमारत किंवा छायाचित्रकाराने धरलेला पांढरा फलक असू शकतो का? टोपी नाही, त्याच्या खांद्यांवर ऊन स्वच्छ पडलेले आहे, आणि शेजारच्या दोघांच्या डोळ्यांत तो चौकोन नाही. एकेक साधे कारण असे बाद झाल्यावरच 'जोडकाम' हा शब्द लिहायचा.

कानांच्या बाबतीत हा मधला रकाना इतका भरतो की खुणेचे वजन आपोआप उतरते. कोणाचेही दोन कान हुबेहूब नसतात. मान जराशी वळली की एका कानाची रुंदी कमी दिसते, एकाच कानात डूल घालणारी माणसे पुष्कळ असतात, आणि केसांखाली कानाचा वरचा भाग गेला की त्याचा आकार भलताच वाटतो. म्हणून 'कान वेगळे दिसतात' हे वाक्य पहिल्या रकान्यात चालत नाही. नेमके काय वेगळे ते लिहावे लागते. एका बाजूची पाळी गालाला चिकटलेली आणि दुसरीकडची सुटी लोंबणारी असेल, किंवा कानातल्याची दांडी पाळीत न शिरता कातडीत विरघळून गेलेली असेल, तर ते नोंदवण्याजोगे आहे. तरीही माझ्या आराखड्यात केवळ कानांवरून 'जोडकाम' असा निर्णय देण्याची परवानगी नाही. सोबत दुसरी, वेगळ्या जातीची खूण हवी.

पार्श्वभूमीबद्दलही तेच, फक्त तिथे एक भर आहे जी मुलांना फार उपयोगी पडते. रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या खऱ्या फोटोत दाराची चौकट वाकलेली दिसते, पण ती कडेला अधिक आणि मध्याकडे कमी, अशा एकसारख्या क्रमाने वाकते. चेहरा बारीक करणारे फिल्टर वापरले की वाक फक्त गालाच्या किंवा जबड्याच्या लगत येतो आणि चार बोटे दूर तीच चौकट पुन्हा सरळ होते. असा फोटो खऱ्या माणसाचाच असतो, फक्त त्यात फेरफार असतो. आणि मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी मुद्दाम धूसर करताना केसांची आणि कानांची कड हटकून खातो. ती झीज बनावटपणाची खूण मानू नये.

खोट्या आत्मविश्वासाबाबतच्या आपल्या म्हणण्याला आकड्यांचाही आधार आहे आणि तो मी मुलांपासून लपवत नाही. सोफी नाइटिंगेल आणि हानी फरीद यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरे चेहरे आणि यंत्राने घडवलेले चेहरे ओळखायला सांगितल्यावर लोकांचे उत्तर सरासरी 48.2 टक्के वेळा बरोबर आले, म्हणजे नाणे उडवण्याइतकेच. दुसऱ्या गटाला खुणा समजावून दिल्या आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक तेही सांगितले, तेव्हा प्रमाण 59 टक्क्यांवर गेले. सुधारणा झाली, पण 59 टक्के हा काही कोणावर बोट ठेवण्याचा परवाना नव्हे.

म्हणूनच गुण देण्याची पद्धत नेहमीच्या परीक्षेसारखी नाही. 20 फोटो, त्यांतले निम्मे खरे, आणि खऱ्यांत मुद्दाम वाकडे कान, दोन दिव्यांचा उजेड व वाकलेल्या चौकटी असलेले फोटो निवडलेले. बरोबर उत्तराला 1 गुण, चुकीच्या उत्तराला उणे 2, आणि 'सांगता येत नाही' याला शून्य. ज्याने सगळ्या 20 फोटोंवर ठाम मत दिले आणि 12 बरोबर, 8 चूक ठरले, त्याची बेरीज उणे 4 होते. जिने 14 फोटोंवर 'सांगता येत नाही' लिहिले, 6 वर मत दिले आणि त्यांत 5 बरोबर, 1 चूक आले, तिला 3 गुण मिळतात. चुकीचे उत्तर दुप्पट महाग ठेवण्याचे कारण आपणच लिहिले आहे: खऱ्या माणसाला खोटे ठरवणे ही चूक साधी नाही. संचात नव्या यंत्रणांचे, कुठलीही खूण नसलेले चेहरेही ठेवलेले आहेत. खूण सापडली नाही म्हणून 'खरा' असे लिहिणाऱ्यांचे गुण तिथे जातात, आणि पहिल्याच फेरीत मुलांना कळते की खुणेचा अभाव हा पुरावा होत नाही.

फोटो कोणी टाकला एवढेच शिकवावे, ही आपली सूचना मी अर्धी स्वीकारतो. तो तपास आराखड्यात आहेच, पण शेवटच्या तासाला, आणि तो 'सांगता येत नाही' असे लिहिलेल्या फोटोंवरच करायचा आहे. तो आधी आणला तर मुले फोटोकडे पाहतच नाहीत. खाते ओळखीचे दिसले की प्रश्न मिटला असे समजतात, आणि ओळखीच्या माणसानेच पुढे ढकललेला फोटो हाच बहुतेक वेळा अडचणीचा असतो.

आपण हा पाठ घेऊन पाहणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. फोटो संदेशाच्या ॲपवरून मुलांना पाठवू नयेत. तिथे ते दाबून लहान केले जातात, आणि बुबुळातला चौकोन कुठे, गोल ठिपका कुठे हे समजण्याइतके बारकावे त्यात उरत नाहीत. मूळ फाइल पेन ड्राइव्हवरून संगणकावर घ्यावी, डोळ्यांचा भाग मोठा करून दाखवावा, आणि रेघा ओढण्यासाठी तोच फोटो पूर्ण पानावर छापून त्याभोवती निदान चार बोटे कोरा कागद सोडावा, कारण रेघा बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेरच मिळतात. आणि संचात वर्गातल्या कोणाचाही चेहरा घेऊ नये, त्याच्या संमतीने सुद्धा नको.