दोन तासांनी मोजलेली साखर आणि त्याआधी चढून गेलेली साखर

एका वाचकांची प्रतिक्रिया:

"गोड पेयांनी साखर झपाट्याने चढते, हा आपला लेख एकांगी वाटला. मी ऊस उत्पादक आहे आणि सहा वर्षांपासून मधुमेही आहे. परवा गुऱ्हाळावर मोठा ग्लास भरून ताजा रस प्यायलो, मग शेतात पाण्याची पाळी बघायला गेलो आणि दोन तासांनी घरी येऊन मोजली, तर 148. भात-आमटी जेवल्यावर हीच साखर 170 येते. रसाचा ग्लायसेमिक इंडेक्सही कमी असतो, असे वाचले आहे. मग चहा, रस, ज्यूस आणि कोल्ड्रिंक एकाच माळेत ओवून शेतकऱ्याच्या रसाला बदनाम का करता?"

सस्नेह नमस्कार. आपण स्वतः मोजून आकडे पाठवलेत, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो.

प्रथम 148 आणि 170 यांच्याविषयी. घरगुती ग्लुकोमीटरच्या मानकात प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा सुमारे 15 टक्के वर किंवा खाली वाचन येणे ग्राह्य धरलेले आहे. 148 चे 15 टक्के म्हणजे 22, आणि आपल्या दोन वाचनांतला फरकही तेवढाच आहे. त्यामुळे या एका जोडीवरून रस भातापेक्षा बरा ठरवता येत नाही. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मोजण्याचा वेळ. जेवणानंतर दोन तासांनी मोजण्याचा प्रघात जेवणासाठी आहे. रस त्या वेळेपर्यंत थांबत नाही.

मी अकरा वर्षे मधुमेही आहे आणि हे स्वतःवर मोजून पाहिले आहे. सकाळी उपाशीपोटी 116 होती. बिनबर्फाचा 200 मिलिलिटर रस दोन मिनिटांत संपवला आणि खुर्चीत बसून राहिलो. अर्ध्या तासाने 189, पाऊण तासाने 204, तासाने 187 आणि दोन तासांनी 143 अशी वाचने आली. दोन दिवसांनी त्याच वेळी ज्वारीची एक मध्यम भाकरी आणि पालेभाजी खाल्ली, ज्यात कर्बोदके साधारण तेवढीच, म्हणजे 35 ग्रॅमच्या आसपास होती. तेव्हा अर्ध्या तासाने 134, तासाने 161 आणि दोन तासांनी 147 आली. दोन तासांचाच आकडा पाहिला असता तर मीही रसालाच झुकते माप दिले असते. आपण तर मध्यंतरी शेतात चाललात. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, त्यामुळे आपला आकडा उतरण्यात त्या पाळीचाही वाटा असणार.

हे का घडते, याचे उत्तर जठराच्या खालच्या दाराशी आहे. भाकरीचा घास चावून गिळला तरी जठर तो घुसळून अगदी बारीक करते आणि मगच थोडाथोडा पुढे लहान आतड्यात सोडते. तिथे पिष्टाच्या लांब साखळ्या तुटाव्या लागतात. रसात घुसळण्याजोगे काहीच नसते, म्हणून तो पहिल्या घोटापासूनच पुढे झिरपू लागतो. त्यातली साखर आतड्याच्या अस्तरावर एकाच घावात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी दुभंगते आणि ग्लुकोज लगेच रक्तात उतरते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड अशा वेळी साठवून ठेवलेले इन्सुलिन पहिल्या दहा मिनिटांत सोडून ही लाट अडवते. टाइप 2 मधुमेहात नेमकी हीच पहिली फेरी सर्वांत आधी मंदावते. भाकरी उशिरा येणाऱ्या इन्सुलिनला वेळ देते, रस देत नाही.

ग्लायसेमिक इंडेक्सचे कोडेही इथेच सुटते. हा निर्देशांक दोन तासांत साखर एकूण किती चढली, ते सांगतो. शिखर कधी आले आणि किती उंच होते, ते सांगत नाही. शिवाय उसाच्या साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो आधी यकृतात जातो आणि ग्लुकोमीटर तो मोजत नाही. त्यामुळे निर्देशांक भातापेक्षा कमी दिसला तरी ग्लासातली साखर कमी झालेली नसते.

ती किती असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल, कारण तोडीआधी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची साधारण टक्केवारी, आपणच पाहता. पक्व उसाचा ब्रिक्स 18 धरला तर 200 मिलिलिटर रसात सुमारे 35 ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचे सात सपाट चमचे. एवढा रस निघायला साधारण अर्धा किलो ऊस चरकात जातो. तेवढ्याच उसाच्या कांड्या सोलून, दाताने मोडून, चोथा थुंकत खाल्ल्या तर अर्धा तास सहज जातो आणि जबडा दुखून माणूस मध्येच थांबतो. दोन्हीकडे चोथा पोटात जात नाही, म्हणून इथे तंतूंचा प्रश्न नाही. चरक आपला अर्धा तास दोन मिनिटांवर आणतो, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

कोल्ड्रिंकही असेच झटपट पोटात जाते, साखर मात्र रसापेक्षा कमी: 100 मिलिलिटरमागे साधारण 10 ते 11 ग्रॅम. डबाबंद ज्यूसच्या बाबतीत मात्र फसगत जास्त होते. त्यावर "साखर घातलेली नाही" असे छापलेले असले तरी फळाची स्वतःची साखर असतेच, आणि 200 मिलिलिटरच्या डब्यात ती बहुधा 20 ते 25 ग्रॅम भरते. आटवून घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून केलेल्या ज्यूसवरचा "100 टक्के फळांचा रस" हा दावा काढून टाकण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये दिला. डब्यामागच्या तक्त्यात "एकूण साखर" ही ओळ पाहावी. पुढचा दर्शनी मजकूर वाचून निर्णय घेऊ नये.

चहाला त्या माळेत ओवण्याबद्दल आपली हरकत काही अंशी मान्य आहे. दोन चमचे साखरेच्या कपात आठ ते दहा ग्रॅम साखर असते, दूध असते आणि गरम चहा घोटाघोटाने प्यायला जातो, त्यामुळे एका कपाने येणारी चढण लहान असते. पण शेतावर, बँकेत, पाहुण्यांकडे मिळून दिवसाचे पाच कप झाले की पाच लहान चढणी होतात आणि त्यांतली एकही साखरेच्या नोंदींच्या वहीत येत नाही. वहीतले आकडे बरे आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, मात्र 8 च्या पुढे, असे दिसले की मी आधी कपांची संख्या विचारतो. गुळाच्या चहाने यात बदल होत नाही.

हाच वेग एका प्रसंगी औषधासारखा उपयोगी पडतो. साखर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू झाली तर पाण्यात तीन चमचे साखर किंवा अर्धा ग्लास साखरेचे कोल्ड्रिंक घ्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी मात्र ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. साखर दुभंगण्याची क्रियाच ही औषधे मंदावतात, त्यामुळे त्यांच्यावर साधी साखर वेळेत काम करत नाही.

आपल्या रसाला बदनाम करण्याची माझी इच्छा नाही, पण आपल्या 148 वर विसंबून आपण रोज मोठा ग्लास घ्याल, ही काळजी मात्र खरी आहे. पुन्हा कधी घेतलाच तर जेवणानंतर आणि अर्धा ग्लास घ्यावा. घेण्याआधी, अर्ध्या तासाने, पाऊण तासाने आणि दोन तासांनी अशी चार वाचने घ्यावीत. प्रत्येक वेळी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला रस आकडा खोटाच फुगवतो. आपण इन्सुलिन घेत असाल तर या प्रयोगासाठी मात्रा स्वतःहून बदलू नये. ते चार आकडे इथे लिहिलेत, तर ते पाहून मी पुढे लिहीन.