डाळ शिट्ट्यांवर नाही, मिनिटांवर शिजते

परवा रात्री भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, पाच शिट्ट्या केल्या तरी डाळीत कणी राहिली. काल सात केल्या, तर सगळा फेस शेगडीवर. नक्की किती शिट्ट्या करायच्या ते एकदा सांग ना."

मी तिला म्हटलं, "अगं, आधी गॅस कोणता होता ते सांग." मोठ्या बर्नरवर, पूर्ण मोठा. झाकण लावल्यापासून गॅस बंद करेपर्यंत तिने आच कमी केलीच नव्हती. मग मी तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर आकड्यात देणं चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

शिट्टी म्हणजे डाळ शिजल्याची खूण नव्हे. कुकरमधली वाफ शिट्टीच्या वजनाला उचलण्याइतकी झाली की जास्तीची वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. डाळ शिजते ती आतल्या तापमानावर. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळतं आणि त्यापुढे कितीही मोठा गॅस केला तरी पाणी त्याहून तापत नाही. बंद कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. एकदा तिथे पोचल्यावर गॅस मोठा ठेवला तरी आतलं तापमान आणखी वाढत नाही, नुसत्या शिट्ट्या वाढतात. त्या डाळीला काही देत नाहीत, उलट तिचं पाणी घेऊन जातात.

मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. तोच तीन लिटरचा कुकर, तीच तुरीची डाळ, तेवढंच पाणी. मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेवर पहिल्या शिट्टीपासून पाचवीपर्यंत जेमतेम तीन मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी लहान बर्नरवर मध्यम आच ठेवली, तर त्याच पाच शिट्ट्यांना दहा मिनिटं लागली. पहिल्या दिवशी दाण्याच्या मधोमध पांढरा ठिपका राहिला होता, दुसऱ्या दिवशी डाळ पळीने नुसती हलवल्यावर मोडली. दोन्ही वेळा शिट्ट्या पाचच. त्यामुळे "आमच्याकडे चार शिट्ट्या करतात" हे वाक्य दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काहीच सांगत नाही. तिथला बर्नर वेगळा, कुकर वेगळा, आतलं पाणी वेगळं, रिंग किती जुनी तेही वेगळं.

फेसाचं कोडंही इथेच सुटतं. डाळीतली प्रथिनं, सुटा पिठूळ स्टार्च आणि साबणासारखा फेसाळणारा एक नैसर्गिक घटक यांच्यामुळे पाण्यावर चिवट फेस येतो. तो आला म्हणून काही बिघडत नाही, तो शिट्टीच्या नळीपर्यंत पोचला की बिघडतं. आणि त्याला तिथवर आपणच नेतो. शिट्टी होते तेव्हा आतला दाब एकदम थोडा उतरतो. १२० अंशांना तापलेलं पाणी त्या क्षणी खवळून उठतं आणि फेसाला वर फेकतं. जितक्या जोरदार शिट्ट्या, तितक्या वेळा हा उसळा. म्हणजे सात शिट्ट्यांनी भाचीची डाळ जास्त शिजली नव्हती, तिने सात वेळा फेस नळीकडे ढकलला होता.

आता मी डाळ कशी लावते ते सांगते. एक वाटी तुरीची डाळ, कुकरमध्ये थेट. (कुकरच्या भांड्यात लावायची असेल तर त्याचं पुढे सांगते.) डाळ हाताने चोळून, पाणी बदलत तीन-चार वेळा धुवायची. पहिलं पाणी दुधासारखं पांढुरकं येतं. तो सुटा स्टार्च आणि डाळीची धूळ, फेसाचा बराचसा भाग इथेच जातो. पाणी अगदी काचेसारखं होईपर्यंत धुवायची गरज नाही, तळाचे दाणे दिसायला लागले की पुरे. मग अर्धा तास भिजत घालायची आणि ते भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. भिजल्याने पाणी दाण्याच्या मध्यापर्यंत पोचलेलं असतं. नाहीतर बाहेरचा थर विरघळतो आणि आत कणी तशीच राहते.

मग अडीच वाट्या पाणी घालून, झाकण न लावता, गॅस मध्यम ठेवून उकळी येऊ द्यायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. उकळी येताना करडट पांढरा फेस कडेने गोळा होऊन मधे सरकतो. तो पळीने दोन-तीनदा काढून टाकायचा. त्यानंतर जो थोडा फेस येतो तो हलका असतो, बुडबुडे मोठे आणि लगेच फुटणारे. आता हळद, चिमूटभर हिंग आणि एक चमचा तेल. तेलाने बुडबुड्यांचा पापुद्रा तुटतो, फेस टिकत नाही. पण तेल म्हणजे जादू नव्हे. न धुतलेल्या डाळीवर तेल ओतून गॅस मोठा ठेवला तर फेस येणारच.

झाकण लावायच्या आधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा. मागच्या वेळचा डाळीचा कण त्यात वाळून बसलेला असतो, आणि नळी तुंबली की वाफेला वाट उरत नाही. पाणी आणि डाळ मिळून कुकर एक तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही. डाळीसाठी ही मर्यादा आहे. भाताला चालेल तेवढं भरणं डाळीला चालत नाही, कारण तिला फुगायलाही जागा लागते आणि फेसालाही.

मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्यायची. ती झाली की लगेच गॅस अगदी बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. आठ मिनिटं. या आठ मिनिटांत एखादी शिट्टी होईल, कदाचित होणारही नाही. घाबरायचं नाही. नळीतून बारीक सूं सूं ऐकू येत असेल तर आत दाब आहे आणि डाळ शिजते आहे. भिजवली नसेल तर बारा मिनिटं लागतात. डाळ जुनी असेल तर दोन-तीन मिनिटं आणखी द्यावी लागतात, आणि हे त्या पाकिटातली डाळ एकदा शिजवल्यावरच कळतं. मुगाची, मसुराची डाळ याच्या निम्म्या वेळात होते.

गॅस बंद केल्यावर कुकरला हात लावायचा नाही. वाफ आपोआप जिरायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आतलं पाणी १०० अंशांच्या वरच असतं. डाळ अजून शिजत असते, शेवटचा मऊपणा याच वेळात येतो. घाई म्हणून शिट्टी चमच्याने उचलली किंवा कुकर नळाखाली धरला, तर आतलं सगळं एकदम खवळतं, फेस वर येतो, पिवळं पाणी नळीतून उडतं. हात भाजतो तो वेगळाच. भाचीचं हेही चुकत होतं, सात शिट्ट्या झाल्यावर ती लगेच शिट्टी उचलत होती.

उघडल्यावर डाळ बघायची कशी? एक दाणा बोटांत घेऊन दाबा. लोण्यासारखा पसरला आणि मधे खरखर लागली नाही तर झाली. दाणा आकाराने पूर्ण दिसत असला तरी चालेल, दाबल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

आता पातळपणाचं. "डाळ एकीकडे, पाणी एकीकडे" हे चोथापाणी दोन कारणांनी होतं. एक, डाळ पुरेशी शिजलीच नाही, त्यामुळे दाण्यातला स्टार्च पाण्यात उतरला नाही. दुसरं, डाळ शिजली होती पण घोटायच्या आधी पाणी ओतलं. दाणे पाण्यात सुटे पोहायला लागले की रवी कितीही फिरवा, ते निसटत राहतात. म्हणून कुकर उघडल्यावर आधी डाळ तशीच घट्ट, गरम असताना घोटायची. वर पाणी दिसत असेल तर ते वाटीत काढून बाजूला ठेवायचं. पळीच्या पाठीने किंवा रवीने मिनिटभर घोटलं की डाळ पळीवरून सलग ओघळायला लागते, तुटक पडत नाही. मग ते काढलेलं पाणी परत, आणि आणखी लागलं तर उकळतं पाणी, थोडं थोडं, ढवळत. गार पाणी ओतलं की डाळ जागच्या जागी आखडते आणि पाणी वर तरंगतं. शेवटी बारीक गॅसवर पाच मिनिटं उकळी. ही उकळी डाळ आणि पाणी एकजीव करते. आणि थोडी पातळच वाटली पाहिजे, कारण निवताना डाळ आळते.

पाण्याचं माप पद्धतीवर ठरतं हेही लक्षात घ्या. मोठ्या गॅसवर सात शिट्ट्या करणारी व्यक्ती साडेतीन-चार वाट्या पाणी घालते, कारण तिचं बरंचसं पाणी वाफेने जातं. तुम्ही तेवढंच पाणी घालून गॅस बारीक ठेवलात तर ते सगळं आत राहील आणि डाळ पाणचट होईल. कुकरच्या भांड्यात लावत असाल तर तिथून पाणी फारसं जात नाही, म्हणून एका वाटीला दोन वाट्या पुरतात. मात्र उष्णता भांड्यातून हळू पोचते, तेव्हा चार-पाच मिनिटं जास्त द्या. उकळून फेस काढणं तिथे जमत नाही, म्हणून डाळ नीट धुवा आणि भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका.

टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही कुकरमध्ये डाळीबरोबर घालू नका. आंबटाने दाणा कडक राहतो आणि डाळ मऊ व्हायला वेळ घेते. आंबट घोटून झाल्यावर. जड पाण्यातही हाच त्रास होतो, तिथे भिजवण्याचा वेळ एक तास करा आणि शिजवायला गोडं पाणी मिळालं तर तेच घ्या. खायचा सोडा घालून डाळ लवकर विरघळते हे खरं, पण तिला साबणासारखी चव येते आणि त्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. अर्धा तास भिजवणं जमत असताना मी सोड्याला कधीच हात लावणार नाही.

भाचीने काल पुन्हा डाळ लावली. फोन चालू ठेवून. पहिली शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "मावशी, शिट्टीच होत नाहीये, बंद पडला का?" मी म्हटलं, कान दे. तिने फोन शेगडीजवळ नेला, सूं सूं मलाही ऐकू आलं. आठ मिनिटं, मग बारा मिनिटं वाट. उघडल्यावर तिने दाणा दाबला आणि म्हणाली, "अगं, हा तर बोटावरच विरघळला." झाकणावर एक थेंबही आला नव्हता.

तुमच्या बर्नरवर पहिल्या आणि दुसऱ्या शिट्टीत किती वेळ जातो, ते आज मोजून खाली लिहा. कुकर किती लिटरचा आणि डाळ कोणती तेही लिहा, मग मिनिटांचा अंदाज सांगता येईल.