एका सेल्फला सुरू झाली म्हणून बाईक चांगली?

‘जुनी बाईक घेताना फार चिकित्सा नको. एका सेल्फला सुरू झाली, रनिंग कमी आहे, सरळ चालते आणि कागद मालकाच्या नावावर आहेत, एवढं बघा आणि घेऊन टाका.’

असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, यातला प्रत्येक मुद्दा फसवू शकतो. आधी सेल्फचं बघू. गरम इंजिन दमलेलं असलं तरी पटकन सुरू होतं. म्हणून चावी मागण्याआधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं, तर ते गार होईपर्यंत थांबा. मग सुरू करून सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीलाच निळसर धूर येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येतच राहिला, तर पिस्टन रिंगांवर संशय घ्या. वरची टॅपेटची टिकटिक बऱ्याचदा सेटिंगने जाते. पण खालून, क्रँककडून, जोर पडला की वाढणारी जड ठकठक आली, तर मी सौदाच सोडतो.

रनिंगचं काय, मीटर बदलता येतो. फूटरेस्टचं रबर आणि ब्रेक पेडल गुळगुळीत झालेलं असेल आणि आकडा मात्र कोवळा, तर पेडलवर विश्वास ठेवा.

‘सरळ चालते’ हा तिसरा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण थोडी वाकडी फ्रेम चालवताना हाताला कळतेच असं नाही. त्यासाठी दोरी लावा. बाईक मेन स्टँडवर सरळ उभी करा. मागच्या टायरच्या मागून दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणा, इतकी की ती मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल. स्टँड किंवा सायलेन्सरला ती अडता कामा नये. आता हँडल सरळ धरून पुढच्या टायरपासून दोरीचं अंतर मोजा. मागचा टायर १३० मिलिमीटर आणि पुढचा १०० असेल, तर दोन्हीकडे १५ यायला हवं. समजा एकीकडे २१ आणि दुसरीकडे ९ आलं. लगेच फ्रेमला दोष देऊ नका. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा, चाक तिरकं बसलं असेल तर नीट करून पुन्हा मोजा. (काही मॉडेलमध्ये थोडा फरक मुळातच असतो.) तरीही फरक राहिला, तर टाकी आणि हँडलच्या मधला भाग टॉर्च लावून बघा. वेल्डिंगजवळ रंगाला तडे, पत्र्याला सुरकुती किंवा हँडल अडवणारा स्टॉपर चेपलेला दिसला, तर गाडी बहुधा समोरून आदळलेली आहे.

राहिले कागद. नाव जुळलं तरी गाडी तीच आहे हे ठरत नाही. चॅसीवर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर स्वतः वाचून नोंदणीपत्राशी ताडा. त्या जागी घासल्याच्या रेघा, वरखाली ठोकलेले आकडे किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल, तर तिथूनच परत फिरा. नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.