पैठणीला आधी पाच स्टार द्या, मग पाकीट फोडा

येवला नाशिकपासून दोनेक तासांवर आहे, म्हणून पैठणीसाठी तिकडे मुळीच जाऊ नका. तिथला विणकर साडी उलटी करून दाखवतो आणि किंमत ऐकून आपला चेहरा उतरतो. त्यापेक्षा गंगापूर रोडच्या घरात सोफ्यावर आडवं व्हा, ‘प्युअर सिल्क पैठणी’ १,१९९ रुपयांत मागवा आणि रिव्ह्यूच्या तयारीला लागा.

कापडाबद्दल लिहिताना ते हात लावून बघण्याची गरज नाही. नावात सिल्क आहे ना, झालं तर! त्याच पानावर तळाशी ‘मटेरियल: पॉलिएस्टर’ असतं, पण तिथवर जाणं म्हणजे विक्रेत्यावर अविश्वास. सिल्क मार्कचं लेबल शोधणं तर त्याहून वाईट. पदरही उलटा करू नका. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. तुमच्या मोराच्या पाठीवर दोऱ्यांचं जंजाळ असेल आणि ते बांगडीत अडकेल. पदराच्या टोकाचा एक दोरा काढून जाळला, तर रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ही परीक्षा करायचीच झाली तर थेट साडीवरच करा, म्हणजे परत करण्याची कटकटच नको.

रंगाचा फोटो रात्री, हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली काढा. साडी वांगी की चॉकलेटी, यावर खाली लोक आठवडाभर भांडतील. सकाळी खिडकीपाशी, शेजारी पांढरा कागद ठेवून काढला तर खरा रंग कळेल आणि भांडण बुडेल. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे हलवली की रंग पालटतो. तिथे बिचारा विक्रेता निर्दोष असू शकतो, पण अशा वेळीच त्याला न चुकता ‘फसवणूक’ म्हणा.

मापाच्या रकान्यात ‘परफेक्ट फिट’ लिहा. साडीला कसलं माप! आमच्या वहिनींनी मात्र टेप लावला. पानावर साडी साडेपाच मीटर आणि वर ८० सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस, असं मिळून ६.३ मीटर लिहिलं होतं. भरली एकूण साडेपाच. ब्लाऊजपीस कापला असता तर उरली असती ४.७ मीटर. “निऱ्या घालू की पदर घेऊ, एक काय ते सांगा,” असं त्या म्हणाल्या. अशा बायकांमुळेच रेटिंग घसरतं.

आता परत करण्याचं. आधी फॉल-पिको करून घ्या, टॅग कापा, हळदीकुंकवाला एकदा मिरवून या, मग ‘रिटर्न’ दाबा. पार्सल न्यायला आलेला मुलगा टॅग शोधेल, फॉल बघेल, फोटो काढेल आणि “हे नाही घेता येणार, ताई” म्हणून जिना उतरेल. त्याची पाठ वळली की लगेच लिहा: ‘साडी अप्रतिम, रंग हुबेहूब. पिकअपवाला उद्धट, म्हणून एक स्टार कमी.’