काळीला रोज हाक मारणं वेडेपणा नाही

«कुत्र्या-मांजरांशी मोठ्याने बोलणारी माणसं आतून एकटी पडलेली असतात. जनावराला भाषा कळत नाही, ते बोबडं बोलणं म्हणजे आपलीच समजूत. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज रामराम घालून लाडावलं की उद्या तीच अंगावर येतात.»

आमच्या गल्लीतल्या काळी कुत्रीला रोज हाक मारणाऱ्यांना असं ऐकवलं जातं. या दाव्यातलं आधी कळण्या-न कळण्याचं पाहू. कुत्र्याला वाक्य कळत नाही, हे मान्य. पण हाक म्हणजे नुसतं वाक्य नसतं. तिच्यात आवाज कोणाचा हे असतं, सूर असतो, नाव असतं, आणि हे तिन्ही वेगवेगळं तपासून झालं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात 2018 साली पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांना दोन माणसांचं बोलणं ऐकवलं. एकाचं बोलणं लाडाच्या सुरात आणि कुत्र्याच्याच विषयाचं, म्हणजे फिरायला जायचं का, शहाणा कोण, असं. दुसऱ्याचं सपाट सुरात आणि कुत्र्याशी संबंध नसलेलं. नंतर मोकळं सोडल्यावर कुत्री पहिल्या माणसाजवळ जास्त वेळ थांबली. मग लाडाच्या सुरात भलतंच आणि सपाट सुरात कुत्र्याच्या विषयाचं असं उलटसुलट करून ऐकवलं, तेव्हा त्यांनी कोणालाच पसंती दिली नाही. म्हणजे नुसता सूर पुरला नाही, शब्दही ओळखीचे असावे लागले.

मांजराबद्दल तर आपण फारच अन्याय करतो. हाक मारली आणि मनी आली नाही की तिला काही कळलं नाही असं धरून चालतो. 2013 साली जपानमध्ये झालेल्या प्रयोगात अनोळखी लोकांच्या हाकांमागून मालकाची हाक ऐकवली, तेव्हा मांजरांनी कान वळवले, मान हलवली, पण जागा सोडली नाही. त्यांना ओळख पटली होती, फक्त उठून यावंसं वाटलं नव्हतं. 2022 मधल्या फ्रान्समधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मालक मांजराशी बोलायच्या खास सुरात बोलला की मांजर दखल घेतं, अनोळखी माणसाने तोच सूर लावला तर घेत नाही. हा सूर त्या दोघांमधला असतो आणि तो रोजच्या सवयीने तयार होतो. त्यामुळे तुमच्या मनीने उत्तर दिलं का, हे पाहायचं असेल तर पायांकडे नाही, कानांकडे पाहा.

बोबड्या बोलण्याचा मुद्दा मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण इथे दावा सरळ उलटा पडतो. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आयांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं: आपल्या बाळाशी, घरच्या कुत्र्या-मांजराशी आणि मोठ्या माणसाशी. बाळाशी आणि प्राण्याशी बोलताना आवाज सारखाच चढला, सारखाच मायेचा झाला. पण आ, ई, ऊ हे स्वर ठसठशीत, ताणून उच्चारणं फक्त बाळाच्या वाट्याला आलं. जे मूल पुढे बोलणार आहे त्याला आपण नकळत भाषा शिकवतो आणि प्राण्याला फक्त माया देतो. ज्या माणसाचं तोंड हा फरक स्वतःहून करतं, त्याला समोर कोण आहे याचा विसर पडलाय असं कसं म्हणायचं?

आता अंगावर येण्याचं. ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावणं चूक ठरेल. पण लाडावणं आणि लांबून हाक मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भटकं कुत्रं बिथरतं ते अचानक दचकल्याने, खाताना किंवा झोपेत कोणी जवळ आल्याने, पिल्लांपाशी कोणी वाकल्याने. दहा-बारा फुटांवरून ओळखीच्या आवाजात «काय गं काळे, बरं आहे ना?» म्हटलं की नेमकं ते दचकणंच टळतं. मात्र ही हाक चालता चालता, थोडं बाजूने, नजर न रोखता द्यावी. कान मागे दाबलेले, अंग ताठ, हालचाल थांबलेली दिसली तर पुढची हाक न मारता सरळ निघून जावं. अनोळखी कुत्र्याला हात लावू नये. चावा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावं. त्यात सवलत नाही.

रोजच्या हाकेतून मिळणारी सर्वांत कामाची गोष्ट मात्र या दाव्यात कुठेच नाही. रोज हाक मारणाऱ्याला त्या जनावराचं रोजचं उत्तर पाठ होतं. आमच्या गल्लीतल्या काळीचं ठरलेलं होतं: आधी एक कान, मग शेपटीचे दोन फटके, मग आळस देत उठणं. एका पावसाळ्यात ती हाकेला उठली, पण मान एका बाजूला कललेली आणि सारखं डोकं झटकत होती. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ती फक्त कान खाजवणारी कुत्री दिसली असती. जवळून वास आला, तेव्हा वॉचमनकाकांच्या लक्षात आलं की कानात किडे पडलेत. पावसाळ्यात माशा उघड्या जखमेत अंडी घालतात आणि अळ्या एक-दोन दिवसांतच मांस पोखरू लागतात. कोणीतरी फिनाईल ओतायला निघालं होतं, कोणी रॉकेल म्हणालं. दोन्ही ओतू नये, आतलं मांस भाजतं आणि जनावर पिसाळल्यासारखं करतं. प्राणिमित्र संस्थेची गाडी आली, डॉक्टरांनी अळ्या काढून औषध भरलं. आज तिच्या त्या कानाची कड थोडी वाकडी आहे, एवढंच.

हेच लक्ष माणसांच्याही उपयोगी पडतं. रोज हाकेला येणारं कुत्रं एकाएकी ओळख देईनासं झालं, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, तर रेबीजची शंका घेऊन लांब राहायचं आणि पालिकेला कळवायचं. कालचं वागणं माहीत असलेल्यालाच आजचा बदल आधी दिसतो.

राहिला एकटेपणा. यात सत्याचा एक अंश आहे: 2008 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांच्या मनात एकटेपणाची भावना जागवली होती, ते आपल्या प्राण्याला अधिक समजूतदार, अधिक सहृदय म्हणू लागले. पण एकटी माणसं असं करतात, यावरून असं करणारी सगळी एकटी, हे निघत नाही. त्या ऑस्ट्रेलियन आया तान्ह्या बाळांच्या आया होत्या. आणि आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करून भरल्या घरातला शेतकरी मोठ्याने म्हणतो, «आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.» त्या अंगणात माणसांची वाण कुठे असते?

एकट्या माणसाला मात्र या सवयीतून काय मिळतं, तेही सांगायला हवं. माणसाशी बोलताना आपला रक्तदाब थोडा चढतो, कारण समोरचा आपल्याला जोखत असतो. 1988 सालच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचा रक्तदाब प्रयोगकर्त्याशी बोलताना सर्वांत जास्त होता, कुत्र्याशी बोलताना त्याहून कमी, आणि कुत्र्याला नुसतं गोंजारताना सर्वांत कमी. म्हणजे बोलणंही होतं आणि परीक्षाही होत नाही. ज्याच्या घरात दिवसभर कोणी बोलत नाही, त्याचा दिवसातला पहिला शब्द काळीसाठी निघाला तर त्याचा घसा मोकळा होतो. पुढचा शब्द बहुधा माणसासाठीच असतो: काळी दिसली नाही की पेपरवाला विचारतो, दूधवाली सांगते, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून म्हणतात, «मागच्या गल्लीत झोपलीये, आत्ताच पाहिली.»